कावळे घुबडाच्या मागे का लागतात?

महाभारताच्या सौप्तिक पर्वात एक लहानसा प्रसंग आहे. युद्ध हरलेला अश्वत्थामा रात्री वनातील एका वडाखाली बसला आहे. कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून झोपी गेले आहेत. वरच्या फांद्यांवर शेकडो कावळे निर्धास्त विसावले आहेत. एवढ्यात एक भयंकर घुबड निःशब्दपणे येते आणि झोपेत असलेल्या त्या कावळ्यांचा संहार करते. अश्वत्थाम्याला यातून झोपलेल्या शत्रूवर हल्ला करण्याची कल्पना सुचली, हे सर्वश्रुतच आहे. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने पाहिले तरी हे वर्णन खोटे नव्हे. कावळ्याला रात्री नीट दिसत नाही. मोठ्या घुबडाच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्याने त्याच्या उड्डाणाचा आवाज होत नाही, आणि थव्याने झोपलेला कावळा त्याच्या तावडीत अलगद सापडतो.

दिवस उजाडला की पारडे फिरते. घुबड दिवसा आंधळे असते, ही समजूत मात्र चुकीची आहे. त्याला उजेडातही चांगले दिसते. पण त्याची सारी शिकार अंधार आणि अनपेक्षितपणा यांवर अवलंबून असते, आणि दिवसा त्याला केवळ स्वस्थ बसून राहावयाचे असते. एखाद्या कावळ्याला ते आंब्याच्या दाट पानांत दिसले, की तो कर्कश, लांबट स्वरात ओरडू लागतो. हा स्वर नेहमीच्या कावकावीहून वेगळा असतो, आणि तो ऐकताच आसपासचे कावळे धावून येतात. पाहता पाहता झाड काळे होते. एकेक जण पाठीमागून झेप घेतो, डोक्यावरून निसटता जातो, पुन्हा वळतो. प्रत्यक्ष चोच मारण्याचे धाडस क्वचितच होते. समोरून तर कोणी जातच नाही, कारण घुबडाच्या नख्या किती दूर पोहोचतात याचा अंदाज प्रत्येकाला असतो.

आता प्रश्न असा की, झोपलेल्या शत्रूला डिवचून कावळ्यांना मिळते काय? शिक्रा किंवा ससाणा यांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. हे पक्षी दबा धरून अचानक झडप घालतात. सर्वांनी त्यांना पाहिले आहे, हे कळताच तेथे बसून राहण्यात अर्थ उरत नाही. ते दुसऱ्या ठिकाणी जातात. घुबडाचा हिशेब थोडा लांबचा आहे. आज दुपारी त्याला हुसकून लावले, तर आज रात्री ते याच वस्तीजवळ नसण्याची शक्यता वाढते. म्हणूनच घरट्यात पिल्ले असतात त्या दिवसांत, आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत, हा आवेश विशेष वाढतो. घारीच्या मागे लागणारे एकदोन कावळे मात्र नेहमीच याच कारणाने लागतात असे नाही. घारीच्या पंजात काही खाद्य असेल, तर ती सरळ सरळ लूटमार समजावी.

युरोपातील शिकाऱ्यांनी या वैराचा पुरेपूर उपयोग करून घेतला. जिवंत किंवा पेंढा भरलेले मोठे घुबड माळावर खांबावर बसवायचे, आपण झोपडीत दडून राहायचे, आणि तुटून पडणाऱ्या कावळ्यांना टिपायचे, अशी ती रीत होती. पेंढ्याचे घुबडही चालते, याचा अर्थ वाटोळे डोके, समोर रोखलेले डोळे आणि ताठ बैठक एवढेही कावळ्याला पुरेसे होते.

पण ओळख केवळ आकृतीवरच अवलंबून नसते. अमेरिकेतील सिएटल येथील विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक प्रयोग केला. आदिमानवाचा मुखवटा घालून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात कावळे पकडले, पायांत खुणेची कडी अडकविली आणि सोडून दिले. पुढे तोच मुखवटा घालून कोणी आवारात फिरू लागला, की कावळे त्याच्यावर ओरडत झेपावत. दुसरा मुखवटा घातला, तर त्यांना फारसे काही वाटत नसे. चमत्कार असा की, वर्षानुवर्षे ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. ज्यांना कधी कोणी पकडलेच नव्हते ते कावळेही त्यांत होते, आणि पकडण्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी पिल्लेही आईबापांचे पाहून तेच करू लागली. यावरून त्या गोंगाटाचे आणखी एक कार्य ध्यानात येते. तो शत्रूला हाकलतो तसाच अजाण पिल्लाला शत्रू कोण हेही दाखवितो. ज्याने घुबडाला कधी शिकार करताना पाहिले नाही, तोही त्या दुपारनंतर त्याला ओळखतो.

या सर्व प्रकारात धोका नसतो असे नाही. अतिशय जवळ गेलेला एखादा कावळा शिक्र्याहून मोठ्या शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडतो. उलट, शहरात दिवसा उघड्यावर अडकलेले गव्हाणी घुबड कावळ्यांच्या टोचण्याने घायाळ होऊन खाली पडते. सुदृढ घुबड बहुधा एवढी वेळ येऊ देत नाही. ते उठते, थव्याला मागे घेऊन दोनचार झाडे पालटते, आणि एखादी ढोली किंवा पडक्या भिंतीतील कपार सापडताच आत शिरते. कावळे काही वेळ तोंडाशी घिरट्या घालतात. शत्रू दिसेनासा झाला की एकेक करून उडून जातात.