तिखटाने कमावलं, मसाल्याने खाल्लं

आज आम्ही हिशेबाचं बोलणार आहोत, पण वहीतल्या जमा-खर्चाचं नाही. तो तर आपल्या सगळ्या गटांना आता पाठ झाला आहे. आज बोलायचं ते वरखर्चाबद्दल. मिरची किती रुपयांची आणली हे सांगता येतं, पण लाईट बिल, ऑटोचं भाडं, गिरणी धुण्यात गेलेला वेळ, हा खर्च नेमका कोणत्या मालाच्या नावावर टाकायचा? यातच आमच्या पाहण्यातल्या खामगावच्या एका गटाची चूक झाली आणि चांगली ऑर्डर हातची गेली.

आधी एक रोजची गोष्ट. चार जणी मिळून ऑटो करून शेगावला निघाल्या. तिघींच्या हातात एकेक पिशवी, चौथीसोबत चार पोती. ऑटोवाल्याने पोत्यांचे पैसे वेगळे लावून एकूण आकडा सांगितला आणि आपण तो डोक्यावारी चौघींत सारखा वाटला. वाटणी सोपी झाली, भांडण झालं नाही, पण पोत्यांचं भाडं बाकी तिघींनी भरलं. मालाचा वरखर्च आपण नेमका असाच वाटतो, फक्त डोक्याऐवजी किलोवर.

आता त्या गटाकडे येऊ. गटाकडे मसाला दळायची गिरणी आहे, म्हणजे पल्वरायझर. माल दोन तऱ्हेचा. एक लाल तिखट, किलोच्या पाकिटात, महिन्याला 320 किलो. दुसरा मसाला, त्यात काळा, गोडा आणि कांदा-लसूण असे तीन प्रकार, पन्नास ग्रॅमच्या पाकिटात, तिन्ही मिळून महिन्याला 80 किलो. मिरची, धने, खोबरं, पाकीट आणि दळणाऱ्या मैत्रिणींची किलोवारी मजुरी हा खर्च ज्या त्या मालाचा सरळ कळतो. तिखटाला तो किलोमागे 230 रुपये पडतो, मसाल्याला पाकिटामागे साडेएकवीस.

त्यावर वरखर्च महिन्याला 12,000 रुपये. एकूण माल 400 किलो, म्हणून किलोला 30 रुपये, असा गटाचा हिशेब होता. तिखट पडलं 260 ला आणि विकलं 265 ला. किलोमागे पाच रुपये सुटले. मसाल्याच्या पाकिटावर वरखर्च आला दीड रुपया, म्हणून पाकीट पडलं 23 ला, विकलं 25 ला. पाकिटामागे दोन रुपये सुटले, म्हणजे किलोला चाळीस. कोणीही म्हणेल, मसाला वाढवा, तिखट कमी करा. गटानेही तेच ठरवलं. त्याच सुमारास एका खानावळीने महिन्याला 100 किलो तिखट मागितलं, पण भाव दिला 250. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "आपल्यालाच 260 ला पडते, 250 ला कसं देऊ?" ऑर्डर नाकारली. कागदावर बघितलं तर त्यांचं चुकलं नव्हतं. कागदच चुकला होता.

आम्ही पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारला. गटाने मानधनावर ठेवलेल्या दोघी अर्धवेळ मैत्रिणी दिवसभर नेमकं काय करतात? पंधरा दिवस वहीत फक्त एवढंच लिहायचं ठरलं, कोणतं काम, किती वेळ, कोणत्या मालासाठी. पैशाचं काहीच लिहायचं नाही. या नोंदीत थोडं पुढे-मागे होतं, त्याची काळजी करू नये. दिवस संपल्यावर आठवून लिहिलं की मात्र सगळं गोल गोल आकड्यांत येतं. म्हणून वही गिरणीजवळच टांगली.

पंधरा दिवसांचं दुप्पट करून महिन्याचं चित्र निघालं. दोघींचे मिळून महिन्याला 125 तास, मानधन 7,500, म्हणजे तासाला 60 रुपये. त्यातले 64 तास पाकिटं भरून चिकटवण्यात, 45 तास गिरणी साफ करण्यात, 16 तास माल पोहोचवण्यात गेले.

गिरणी साफ करायला एवढा वेळ का, असं बैठकीत सगळ्यांनीच विचारलं. ज्यांनी ती धुतली आहे त्यांना विचारण्याची गरज पडली नाही. तिखटानंतर गोडा मसाला दळायचा तर जाळी काढा, आतलं झाडा, पुसा, कोरडं करा, नाहीतर गोड्या मसाल्याला मिरचीचा ठसका लागतो. पुन्हा नव्या मालाचा पहिला थोडा भाग फेकावाच लागतो. दर वेळी दोघींचे मिळून जवळजवळ दोन तास आणि साडेसदतीस रुपयांचा माल वाया. महिन्यात अशी साफसफाई 24 वेळा झाली होती. त्यातली तिखटासाठी फक्त 6 वेळा, मसाल्यासाठी 18 वेळा. दुकानदार आज काळा मागतो, परवा गोडा, आणि आपण चार-चार किलोचा घाणा काढतो.

मग 12,000 रुपये किलोवर न वाटता कामावर वाटले. एका साफसफाईचा खर्च वेळ आणि वाया माल धरून 150 रुपये आला. एक पाकीट भरायला दोन मिनिटं, म्हणजे दोन रुपये. किलोच्या पाकिटाला थोडा जास्त वेळ लागतो हे खरं, पण फरक इतका लहान होता की आम्ही सोडून दिला. एका फेरीला ऑटोचे 100 आणि तासाभराचे 60, मिळून 160. राहिलं लाईट बिल आणि गिरणीची दुरुस्ती, महिन्याला 2,000. ते मात्र किलोवरच वाटलं, किलोला पाच रुपये, कारण जितकं दळाल तितकी वीज जळते. म्हणजे किलोवर वाटणं दर वेळी चूक नसतं, जिथे खर्च किलोप्रमाणे होतो तिथे तेच बरोबर.

आता तिखटाच्या नावावर काय आलं ते पाहा. सहा साफसफाया 900, 320 पाकिटं 640, चार फेऱ्या 640, दळण 1,600. बेरीज 3,780, म्हणजे किलोला बारा रुपयांच्याही आत. मसाल्याच्या नावावर अठरा साफसफाया 2,700, सोळाशे पाकिटं 3,200, बारा फेऱ्या 1,920, दळण 400. बेरीज 8,220, म्हणजे किलोला सुमारे 103 रुपये. दोन्ही बेरजा मिळवा, बाराच हजार येतात. खर्च एक रुपयाने वाढला नाही की कमी झाला नाही, फक्त ज्याचा त्याच्या नावावर गेला.

पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर वरखर्च दीड रुपया नसून पाच रुपयांच्या वर होता. साडेएकवीस अधिक पाच, पाकीट पडलं साडेसव्वीसच्या पुढे आणि विकलं 25 ला. महिन्याला 2,620 रुपयांचा तोटा. तिखट मात्र पडलं 242 ला आणि त्याने महिन्याला 7,420 रुपये कमावले. खानावळीचा 250 चा भाव तोट्याचा नव्हताच. "ताई, हे तं उलटंच झालं!" असं म्हणून अध्यक्ष ताई बराच वेळ गप्प बसल्या.

या पद्धतीला अॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात, आपण कामनिहाय हिशेब म्हणू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन या दोघांनी 1980 नंतरच्या दशकात ती मांडून दाखवली. त्यांनी अभ्यासलेला एक कारखाना होता जॉन डिअर कंपनीचा. हिरवे ट्रॅक्टर, ज्यांचा कारखाना आपल्याकडे पुण्याजवळ सणसवाडीलाही आहे. तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग बनत. दर वेळी मशीन नव्या भागासाठी बसवायला वेळ लागे, पण तो खर्च सगळ्या भागांवर सरसकट वाटला जाई. मोठ्या संख्येने लागणारे भाग कागदावर महाग दिसत आणि त्यांच्या ऑर्डरी बाहेरचे नेत. थोड्या संख्येचे, कटकटीचे भाग स्वस्त दिसत आणि तेच यांच्या वाट्याला येत. कारखाना केवढा मोठा आणि आपली गिरणी केवढी, पण चूक तीच.

आता एक गोष्ट नीट ऐका, इथे पुष्कळ जण घसरतात. मसाला तोट्यात दिसला म्हणून गटातल्या काही जणी म्हणाल्या, बंदच करून टाकू, 8,220 वाचतील. नाही वाचणार. ऑटोचे पैसे, मसाला दळताना जळणारी वीज आणि वाया जाणारा माल वाचेल. पण दोघींचं मानधन महिन्याचं ठरलेलं आहे. त्यांचे तास रिकामे झाले तरी पैसे द्यावेच लागणार. उलट मसाल्यातून महिन्याला 5,600 रुपये वरखर्चाकडे येत होते, तेही थांबतील. रिकामा झालेला वेळ दुसऱ्या कमाईच्या कामाला लागला तरच तो वाचला म्हणायचा. म्हणूनच शेडच्या भाड्याला आम्ही या वाटणीत हातच लावला नाही. मसाला असो नसो, भाडं तेवढंच, ते एकूण नफ्यातून द्यायचं. ते ओढूनताणून मालावर वाटलं असतं तर पुन्हा खोटेच आकडे आले असते.

गटाने मसाला बंद केला नाही. प्रत्येक प्रकार पंधरा दिवसांतून एकदाच, एकदम दळायचा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा असं ठरवलं. मसाल्याच्या अठरा साफसफाया सहावर आल्या. शेगाव आणि नांदुऱ्याची दुकानं एकाच फेरीत घ्यायची ठरली, फेऱ्या निम्म्या झाल्या. पन्नास ग्रॅमचा भाव वाढवायला दुकानदार तयार नव्हते, म्हणून शंभर ग्रॅमचं पाकीट 50 रुपयांना काढलं. भरणं एकदाच, माल दुप्पट. सगळा मसाला तसा गेला तर पाकीट 48 च्या आत पडतं. सगळी दुकानं अजून ते घेत नाहीत. गरीब वस्तीतल्या दुकानांत लहान पाकीटच खपतं आणि तिथे आता जेमतेम खर्च निघतो, सुटत जवळजवळ काहीच नाही. किती सुटतं, हे मात्र आता माहीत आहे.

साफसफाईचे जे बावीस-तेवीस तास मोकळे झाले, त्यात 100 किलो तिखट भरायला साडेतीन तासही लागत नाहीत. सचिव ताई खानावळीत पुन्हा जाऊन आल्या. त्यांनी तोवर दुसरीकडून माल बांधून घेतला होता. पुढच्या हंगामाची मिरची आली की भाव घेऊन या, एवढं ते म्हणाले. तोवर गिरणीजवळची वही चालूच आहे, कारण घाणे बदलले, फेऱ्या बदलल्या की 150 आणि 160 हे आकडेही बदलतात आणि जुने आकडे घेऊन गेलं तर भाव पुन्हा चुकेल.