सर्दी की ॲलर्जी? मुलाचं सतत गळणारं नाक ओळखायचं कसं

पावसाळा संपता संपता आमच्या वर्गात एक आवाज रोज ऐकू येतो, तो म्हणजे नाक ओढण्याचा. अंबरनाथच्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या तासाला सलग आठ-दहा शिंका, मग तळहाताने नाक खालून वर चोळणं, आणि डबा खायच्या सुट्टीपर्यंत सगळं शांत. तिची अम्मी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "टीचर, जूनपासून हिची सर्दी जातच नाही. तीन वेळा औषध झालं. आता सिरप दिलं की वर्गात झोपते म्हणे."

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालणारी सर्दी? इथेच आम्हाला शंका आली. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि ती साधारण सात ते दहा दिवसांत आटोपते. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, पण दोन सर्द्यांच्या मध्ये नाक कोरडं होतं, मूल बरं असतं. महिनोन् महिने एकाच चालीने गळणारं नाक असेल तर विचार दुसरीकडे न्यावा लागतो. या आजाराला डॉक्टर ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात, म्हणजे नाकाची ॲलर्जी. धुळीतल्या किंवा हवेतल्या एखाद्या निरुपद्रवी गोष्टीलाच शरीर दुश्मन समजतं आणि नाकाच्या आतल्या त्वचेला सूज आणतं.

आम्ही डॉक्टर नाही. म्हणून त्या अम्मीला आम्ही एवढंच सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा. शिंका कधी येतात, नाक किंवा डोळे खाजतात का, ताप किंवा घसादुखी आहे का, आणि घरात दुसऱ्या कुणाला सर्दी आहे का. नाक किती गळतं हे लिहायची गरज नाही, कारण ते दोन्हीत गळतं.

त्या कागदावर पहिले आठ दिवस एकच चित्र होतं. उठल्याबरोबर शिंका, नाकातून पाण्यासारखं पातळ येणं, नाक आणि डोळे खाजणं. ताप नाही, आणि दहा वाजेपर्यंत आराम. घरात बाकी सगळे ठणठणीत. नवव्या दिवशी मात्र चित्र बदललं. अंग गरम, घसा दुखतो, जेवण नको, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावालाही तेच. तेराव्या दिवशी ताप आणि घसा दोन्ही बरे झाले. भाऊही खेळायला लागला. पण मुलीच्या सकाळच्या शिंका तशाच राहिल्या.

म्हणजे तिला दोन्ही होतं. मधले चार-पाच दिवस खरी सर्दी, जी भावालाही लागली. बाकी सगळे दिवस ॲलर्जी, जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. ॲलर्जीच्या मुलालाही सर्दी होते, त्या सर्दीला औषध दिलं की ताप जातो, आणि पालकांना वाटतं, "अर्धं बरं झालं, अर्धं राहिलं."

सगळ्यात मोठी खूण खाज आहे. सर्दीत नाक चोंदतं, दुखतं, पण एवढं खाजत नाही. खाजेमुळे मूल वारंवार तळहाताने नाक वर चोळतं आणि काही मुलांच्या नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ पडते. डोळ्यांखाली काळसर छाया दिसते, आणि रात्री तोंड उघडं ठेवून झोपतं. घरात अब्बूंना दमा, नाहीतर खालाला जुनी शिंकांची तक्रार असेल तर शंका आणखी पक्की होते.

शेंबडाचा रंग मात्र फसवतो. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि आपोआप साफ होतो. फक्त रंग पाहून अँटिबायोटिक मागू नका. ते विषाणूवर चालत नाही आणि ॲलर्जीवरही नाही.

सकाळीच का? कारण रात्रभर तोंड गादी-उशीत असतं. कापसाच्या गादीत, गोधडीत, रजईत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमटपणा लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये चार महिने पाऊस आणि भिंतींना ओल असते, तेव्हा त्यांची संख्या वाढते. ओल्या कोपऱ्यातली बुरशीही तोच त्रास देते.

आमच्या भागात एक तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे धूर. सप्टेंबर 2024 मध्ये अंबरनाथमध्ये रासायनिक धूर पसरला तेव्हा अनेकांचे डोळे आणि घसे एकदमच चुरचुरले. ती ॲलर्जी नव्हे, ती जळजळ. तशा हवेत सगळ्यांनाच त्रास होतो आणि हवा साफ झाली की तो थांबतो. मात्र आधीच सुजलेल्या नाकाला डासांची कॉइल, अगरबत्ती, लोबानचा धूर जास्त झोंबतो. मूल झोपतं त्या खोलीत तरी तो नको.

त्या मुलीला बालरोगतज्ज्ञांनी कॅलेंडर पाहून, नाक तपासून ॲलर्जीच सांगितली. झोप कमी आणणारं ॲलर्जीचं औषध आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. हा स्प्रे मारला की लगेच नाक उघडत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून बरेच पालक चौथ्या दिवशी सोडून देतात. मारतानाही चूक होते. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, आणि नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेर कानाच्या दिशेने. पडद्यावर मारलं तर रक्त येऊ शकतं. मेडिकलमधून आणलेले नाक उघडायचे थेंब वेगळे असतात. ते बरेच दिवस वापरले तर उलट नाक जास्त चोंदतं.

घरात तिच्या अम्मीने तीन कामं केली. चादर आणि उशीची खोळ दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतली, गादी ओल्या भिंतीपासून दूर सरकवली, आणि मुलगी शाळेत असताना ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली. एवढ्याने ॲलर्जी मुळासकट जात नाही, पण औषधाला मदत होते. महिन्याभरात पहिल्या तासाच्या शिंका एक-दोनवर आल्या आणि वर्गातली झोपही गेली.

सिरपबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नका.

काही वेळा कॅलेंडर भरत बसू नये. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी, खडूचा तुकडा अडकलेला असू शकतो. छातीत सूं-सूं वाजणं, रात्रीचा खोकला, घोरताना श्वास थांबल्यासारखा वाटणं, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, किंवा दहा दिवसांनंतरही सर्दी जराही न उतरणं, यापैकी काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील तर वेळ न दवडता हॉस्पिटल. बाकीच्यांनी आज रात्री कॅलेंडर उलटं करून चार रकाने आखावेत आणि दोन आठवड्यांनी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवावा.