चोपन्न बॉक्स गेले कुठे?

टॅलीत टाइल्सचे १,२४० बॉक्स आणि ३१ मार्चला गोदामात मोजले तर १,१८६. चोपन्न कमी! व्यापाऱ्याचा पहिला संशय हमालांवर जातो. जाणकार अकाउंटंट मात्र हिशेबाच्या कागदांसोबत मालकाला एक पानभर पत्र जोडतो. चोरीचा विषय निघतो तो त्या पत्राच्या शेवटी, तोही उरलाच तर.

वरच्याच आकड्यांचं असं पत्र पाहू. पहिला मुद्दा चलनाचा. ३० मार्चला ४० बॉक्स चलनावर एका साइटवर गेले. बिल फाडलं ३ एप्रिलला. माल गेला, पण पुस्तकातून उतरला नाही. ही विक्री मार्चचीच, त्यामुळे पुस्तकी साठा १,२०० धरायचा. (कायद्याने मुळात बिल माल निघण्याआधी किंवा निघताना व्हायला हवं, चलनावर माल सोडण्याची सवय इथे नडते.)

दुसरा मुद्दा गोदामात आहे. २४ बॉक्सचं बिल झालंय, पैसे आलेत, पण गिऱ्हाइकाने माल उचललेला नाही. मोजणाऱ्याने तेही मोजले. ते आपले नव्हेत. मोजणी १,१६२ वर येते. म्हणजे तूट आधी दिसली त्याहून थोडी झाकलेलीच होती. तिसरा मुद्दा ट्रकचा. मोरबीहून निघालेल्या ३० बॉक्सचं खरेदी बिल मार्चमध्येच चढवलं, ट्रक पोहोचला २ एप्रिलला. कारखान्यातून माल निघाला की तो आपला, असा सौदा असल्याने हे ३० वाटेतला साठा म्हणून मिळवायचे: १,१९२.

आता पुस्तक १,२००, माल १,१९२. फरक आठ, आणि ते आठ फुटलेले बॉक्स गोदामाच्या कोपऱ्यात सापडले. खरेदीदर ६०० रुपये धरला तर नुकसान ४,८०० रुपयांचं. शिवाय त्यावर घेतलेलं १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे ८६४ रुपये, परत करावं लागतं. नष्ट झालेल्या मालावर ते मिळत नाही.

काही जण हा खटाटोप टाळून टॅलीत फिजिकल स्टॉक व्हाउचरने साठा थेट १,१८६ करून टाकतात. मग एप्रिलच्या बिलाने ४० बॉक्स दुसऱ्यांदा वजा होतात आणि पुस्तकात १,१४६ उरतात. तिकडे ट्रकचे ३० आत येतात, गिऱ्हाइकाचे २४ बाहेर जातात आणि गोदामात भरतात १,१९२. आता ४६ बॉक्स जास्त! अशी एका फटक्यातली नोंद म्हणजे माझ्या मते शुद्ध आळस.

मालकांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी मोजणी सुरू करण्याआधी शेवटच्या बिलाचा, चलनाचा आणि आवक पावतीचा नंबर लिहून घ्या, आणि विकलेला पण न उचललेला माल वेगळा लावून त्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवा.