आधी दाब की आधी झडप?

शरीरक्रियाशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक चूक अशी असते की तिच्यातील प्रत्येक संज्ञा आणि प्रत्येक आकडा बरोबर असूनही उत्तर चुकलेले असते, कारण त्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असते. हृदयचक्रावरील ‘द्विदल झडप बंद होते, त्यामुळे डाव्या निलयातील दाब वाढतो’ हे वाक्य त्याचा नमुना होय. घाईने तपासणारा परीक्षक यावर बरोबरची खूण करून पुढे जाण्याची शक्यता बरीच, कारण या वाक्यात अर्धे सत्य खरोखरच आहे.

झडपेची दले स्वतःहून हलत नाहीत. दोन बाजूंच्या दाबांतील फरकानेच ती उघडतात व मिटतात. निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, शिथिल असताना अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, भरत जातो आणि भरणे संपताना त्यात सुमारे १२० मिलिलिटर रक्त असते, तर दाब पाऱ्याच्या जेमतेम १० मिलिमीटरच्या आसपास असतो. विद्युत् उत्तेजना पोहोचून निलयाची भिंत आकुंचन पावू लागली की हा दाब किंचित चढून अलिंदातील दाबापेक्षा जास्त होतो, रक्त मागे सरकू पाहते आणि त्याच रेट्याने दले मिटतात. महाधमनीची झडप तेव्हा अजून उघडलेली नसल्यामुळे निलय सर्व बाजूंनी बंद होतो, आतल्या रक्ताचे आकारमान बदलत नाही, आणि आकुंचन चालूच राहिल्याने सुमारे ०.०५ सेकंदात दाब ८० मिलिमीटरच्या आसपास पोहोचून महाधमनीची झडप उघडतो. दलांना तंतूंनी धरून ठेवणारे पॅपिलरी स्नायू झडप मिटवतात असेही अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात मिटलेली दले अलिंदात उलटू नयेत, एवढेच त्यांचे काम असते.

याचा अर्थ, झडपेचे मिटणे हा दाबाच्या पहिल्या, लहानशा चढाचा परिणाम आहे आणि पुढच्या उभ्या चढाची ती पूर्वअट आहे. दोन्ही चढांचे कारण मात्र आकुंचन हेच आहे. अशा उत्तराची परीक्षा घेण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सांगितलेले कारण काढून टाकून काय उरते ते पाहणे. द्विदल झडप गळकी झालेल्या रुग्णात ती नीट मिटत नाही, तरीही निलय आकुंचन पावला की दाब वाढतो आणि महाधमनीची झडप उघडते. रक्ताचा काही भाग अलिंदात परत जातो आणि आकारमान न बदलण्याचा तो अल्प टप्पा नावापुरताच उरतो. झडपेचे मिटणे हेच दाबवाढीचे कारण असते, तर येथे दाब वाढलाच नसता. म्हणून ज्या उत्तरात आकुंचनाचा उल्लेखच नाही, त्याला क्रम लक्षात असल्याचे गुण द्यावेत, यंत्रणा समजल्याचे देऊ नयेत.

मूत्रपिंडाच्या प्रश्नात हीच कसोटी अधिक लवकर निकाल देते. मूत्रप्रमाण घटवणारे एडीएच हे संप्रेरक ‘वाढल्यामुळे रक्त संहत होते’ असे लिहिले जाते, कारण तहानलेल्या माणसात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. परंतु ज्याच्यात हे संप्रेरक तयारच होत नाही, अशा रुग्णाला भरपूर व पातळ लघवी होते आणि पुरेसे पाणी न मिळाल्यास त्याचे रक्त संहत होते; वरील वाक्य खरे असते तर ते पातळ व्हायला हवे होते. खरा क्रम असा की रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्के वाढली तरी मेंदूतील अधश्चेतकाला त्याची जाणीव होते, एडीएच स्रवते, मूत्रपिंडातील संग्राहक नलिका पाणी परत शोषतात आणि रक्ताची तीव्रता खाली येते.

संप्रेरकांच्या प्रतिसाद-वर्तुळात मात्र अडचण खोल आहे, कारण तेथे दोन्ही दिशांचे बाण खरे असतात. पीयूषिका ग्रंथीचे टीएसएच हे संप्रेरक अवटू ग्रंथीकडून थायरॉक्सिन वाढवते आणि वाढलेले थायरॉक्सिन टीएसएचला खाली दाबते. टीएसएच वाढलेले व थायरॉक्सिन घटलेले असा अहवाल पाहून विद्यार्थी ‘टीएसएच वाढल्यामुळे थायरॉक्सिन कमी झाले’ असे लिहितो. पण टीएसएचचा बाण थायरॉक्सिनला वर नेतो, खाली नेत नाही, तेव्हा हे वाक्य वर्तुळातील कोणत्याच बाणाशी जुळत नाही. बिघाड पीयूषिकेत असेल तर दोन्ही पातळ्या एकाच दिशेने जातात: ती निकामी झाल्यास दोन्ही खाली येतात, आणि टीएसएच स्रवणारी गाठ झाल्यास दोन्ही वर जातात. पातळ्या विरुद्ध दिशांनी गेल्या की बहुधा बिघाड अवटू ग्रंथीतच असतो आणि पीयूषिका त्या कमतरतेला उत्तर देत असते. अशा रुग्णाला थायरॉक्सिनची गोळी सुरू केल्यावर सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा मोजतात आणि मात्रा पुरेशी असल्यास ते उतरलेले आढळते, जरी त्या गोळीने पीयूषिकेतील कोणताही दोष दुरुस्त केलेला नसतो.