अंदाजपत्रकाचा पाया : तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च

जानेवारी उजाडला की नगरपरिषदांच्या लेखा विभागात नव्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. प्रत्येक विभागाकडून आकडे मागविले जातात आणि पुष्कळदा ते एकाच ठरीव रीतीने येतात : चालू वर्षाच्या तरतुदीवर दहा टक्के वाढ. चालू वर्षाची तरतूदही आदल्या वर्षीच्या तरतुदीवर दहा टक्के चढवूनच ठरलेली असते. अशा रीतीने अंदाजावर अंदाज रचला जातो आणि प्रत्यक्षात किती खर्च झाला, हा प्रश्न बाजूलाच राहतो. सभागृहात शिलकी अंदाजपत्रक मंजूर होते. पुढे फेब्रुवारीत पाणीपुरवठ्याचे वीजबिल भरण्यास मात्र पैसे उरत नाहीत.

यावर उपाय जुनाच आहे. पुढील वर्षाचा आकडा ठरविताना मागील तरतुदी न पाहता मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च पाहावा. एका वर्षाचा खर्च अपघाताने कमी-अधिक असू शकतो. दोन वर्षांत तफावत दिसली तर त्यांतील अपवादाचे वर्ष कोणते, हे कळत नाही. तीन वर्षांत मात्र खर्चाचा कल दिसू लागतो. त्याहून फार मागे गेल्यास भाव, कर्मचारीसंख्या आणि गावाचा विस्तार हे सारेच वेगळे असते. परंतु या पद्धतीचा अर्थ तीन आकड्यांची बेरीज करून तिला तिनाने भागणे असा घेतला जातो, आणि चूक तेथेच होते.

खतावणीतले आकडे बोलके करणे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका नगरपरिषदेला 2026-27 साठी पाणीपुरवठ्याच्या विजेचा खर्च ठरवावयाचा आहे. खतावणीप्रमाणे या शीर्षाखाली 2022-23 मध्ये 62 लाख, 2023-24 मध्ये 48 लाख आणि 2024-25 मध्ये 88 लाख रुपये दिले गेले. सरासरी येते 66 लाख. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की, या खर्चाला काही धरबंध नाही.

पण देयके काढून पाहिली की निराळेच चित्र दिसते. पहिल्या वर्षीच्या 62 लाखांत 4 लाख जुन्या थकबाकीचे होते. त्या वर्षाचा खरा खर्च 58 लाख. दुसऱ्या वर्षी अखेरच्या तीन महिन्यांची 15 लाखांची देयके पैशांअभावी दिलीच गेली नाहीत; ती धरल्यास खरा खर्च 63 लाख. तिसऱ्या वर्षी ही 15 लाखांची बाकी फेडली गेली, तिच्यावर 2 लाख विलंब आकार पडला, आणि पंप दुरुस्तीचे 3 लाखही चुकून याच शीर्षाखाली नोंदले गेले. हे 20 लाख वजा जाता उरतात 68 लाख. म्हणजे खरा क्रम 58, 63 आणि 68 असा आहे. खर्च मुळीच बेबंद नव्हता. तो वर्षाला 5 लाखांनी सरळ वाढत होता.

असा खुलासा अन्य शीर्षांनाही लागतो. महाराष्ट्र शासनाने सातवा वेतन आयोग जानेवारी 2019 मध्ये लागू केला, पण त्याचा अंमल 1 जानेवारी 2016 पासून धरला आणि फरकाची रक्कम हप्त्यांनी दिली. हप्ता ज्या वर्षी पडला त्या वर्षीचा वेतनखर्च नेहमीचा नव्हे. उलट 2020-21 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होत्या. त्या वर्षीचा शाळांचा किरकोळ खर्च पायाभूत मानला असता तर पुढील वर्षी खडूलाही पैसे पुरले नसते.

सरासरी मागे पाहते

आता शुद्ध केलेल्या आकड्यांची सरासरी घेतली तर ती 63 लाख येते. पण ती वस्तुतः मधल्या वर्षाची, म्हणजे 2023-24 ची रक्कम आहे. ज्या वर्षासाठी अंदाज करावयाचा, ते तेथून तीन पावले पुढे आहे. दर पावलाला 5 लाख वाढ असेल तर 63 लाखांची तरतूद 15 लाखांनी तोकडी पडणार, हे आरंभीच ठरलेले असते. खर्च एका पातळीभोवती वरखाली होत असेल तेथे सरासरी योग्य. तो सतत चढत असेल तेथे चढच पुढे न्यावा लागतो.

शिवाय शेवटचे पूर्ण वर्ष आणि अंदाजाचे वर्ष यांच्यामध्ये चालू, अपुरे वर्ष असते. कल पुढे नेल्यास 2025-26 चा खर्च 73 लाख यावा. एप्रिल ते डिसेंबरपर्यंत 54 लाखांची देयके आली असतील आणि पूर्वीही नऊ महिन्यांत तीन चतुर्थांश खर्च होत असेल, तर वर्षाचे 72 लाख होतात, अंदाज जुळला. हा पडताळा मात्र ज्याच्या त्याच्या चालीने घ्यावा. रस्तेदुरुस्तीची निम्मी देयके मार्चमध्येच निघत असतील, तर तेथे नऊ महिन्यांचे गणित निराळे मांडावे लागेल.

अखेरची पायरी नग आणि दर वेगळे करण्याची. वरील 58 लाख म्हणजे 8 लाख युनिट, दर सव्वासात रुपये. 68 लाख म्हणजे साडेआठ लाख युनिट, दर 8 रुपये. याच गतीने 2026-27 मध्ये 9 लाख युनिट आणि पावणेनऊ रुपये दर धरला तर सुमारे 79 लाख होतात. वीज नियामक आयोगाने दर बदलला किंवा नवी टाकी सुरू झाली, तर नेमका कोणता आकडा बदलावयाचा हे यामुळे कळते. सरसकट दहा टक्क्यांत ही सोय नाही.

खर्च म्हणजे गरज नव्हे

या पद्धतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. समजा, याच नगरपरिषदेने रस्तेदुरुस्तीसाठी दर वर्षी 1 कोटीची तरतूद केली आणि खर्च झाला 40, 45 व 42 लाख. येथे 42 लाख हा वास्तव अंदाज होय काय? निविदा उशिरा निघाल्या, पावसाळा लागला आणि कामे राहिली, असे असेल तर हा आकडा रस्त्यांच्या गरजेचा नसून कार्यालयाच्या दिरंगाईचा आहे. तो जसाच्या तसा स्वीकारला तर दिरंगाईच कायम होते. पण 1 कोटीचा आकडा पुन्हा लिहिल्यानेही खड्डे बुजत नाहीत. निविदांचे वेळापत्रक बदलल्याचे विभागाने दाखवावे आणि तेवढ्यापुरतीच वाढ मिळवावी.

दुसरा धोका याच्या उलट आहे. न खर्चलेली रक्कम पुढील वर्षी कापली जाणार, हे कळले की विभाग मार्चअखेर ती कशीबशी संपवितात आणि तीच उधळपट्टी पुढील वर्षाचा आधार बनते. म्हणून वर्षाची बेरीज पाहून भागत नाही. मार्चचा खर्च वेगळा काढून पाहावा लागतो. जुना खर्चच आधार मानण्याच्या या दोषावर उतारा म्हणून महाराष्ट्राने 1986-87 मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला होता. पण प्रत्येक खर्चाची आवश्यकता दर वर्षी नव्याने सिद्ध करणे मोठ्या कष्टाचे काम असते. नित्याच्या शीर्षांना तीन वर्षांचा आधार आणि संशयास्पद शीर्षांची मुळापासून तपासणी, हा मध्यम मार्ग लहान संस्थेला झेपण्याजोगा आहे.

त्यासाठी अंदाजपत्रकात तीन वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाशेजारी त्या त्या वर्षीची तरतूद छापावी आणि जेथे मोठी तफावत असेल तेथे एका ओळीत कारण लिहावे. कोणता विभाग फुगवून मागतो आणि कोणाला दर वर्षी कमी पडते, हे मग सामान्य करदात्यालाही दिसेल. विजेचे 79 लाख लागणार असताना 66 लाख लिहिल्याने 13 लाख वाचत नाहीत. ते फेब्रुवारीत शाळेच्या छपराच्या किंवा दवाखान्याच्या औषधांच्या तरतुदीतून काढले जातात, आणि त्या वेळी सभागृहात चर्चा होत नाही.