सामू पाचचे बफर: वजनाआधी लेबल वाचा

एक लिटर शुद्ध पाण्यात कॉस्टिक सोड्याचे ०.०४ ग्रॅम विरघळवले की पाण्याचा सामू ७ वरून थेट ११ वर जातो. तेवढाच सोडा सामू ५ च्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये टाकला, तर सामू जेमतेम ५.०२ होतो. बफरमधले आम्ल तो सोडा शोषून घेते. आम्ल पडले, तर ते क्षार शोषून घेतो. म्हणून दोघेही पुरेसे हवेत, आणि ठरलेल्या प्रमाणात हवेत.

हे प्रमाण काढायची वाट लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दाखवली. पुढे हासेलबाल्क यांनी ती लॉगरिदममध्ये मांडली:

pH = pKa + log (क्षार ÷ आम्ल)

व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लाचा pKa ४.७६ आहे. आपल्याला हवा सामू ५. फरक ०.२४, म्हणजे एका भाग आम्लाला १.७४ भाग क्षार लागेल. हे भाग ग्रॅमचे नाहीत, मोलचे आहेत.

आता एक लिटर, ०.१ मोलर बफर करू. आम्ल आणि क्षार मिळून ०.१ मोल हवेत. वरच्या प्रमाणात वाटणी केली की आम्ल ०.०३६५ मोल आणि सोडियम अ‍ॅसिटेट ०.०६३५ मोल येते. आम्लाचा रेणुभार ६०.०५, म्हणून आम्ल २.१९ ग्रॅम लागेल. ग्लेशियल आम्ल असेल तर सुमारे २.१ मिलिलिटर.

खरी गफलत होते ती क्षाराच्या वजनात. सोडियम अ‍ॅसिटेट दोन रूपांत मिळते. निर्जल रूपाचा रेणुभार ८२.०३, तर पाण्याचे तीन रेणू धरून असलेल्या ट्रायहायड्रेटचा १३६.०८. पहिले ५.२१ ग्रॅम लागेल, दुसरे ८.६४ ग्रॅम. ट्रायहायड्रेटची बाटली उचलून ५.२१ ग्रॅमच तोलले, तर सूत्रानुसार सामू ५ ऐवजी ४.७८ येतो. द्रावण दिसायला तसेच स्वच्छ असते, त्यामुळे चूक डोळ्यांना कळत नाही. ती मीटरच दाखवतो.

मात्र सगळे बरोबर तोलले तरी मीटरवर साधारण ४.९ दिसेल. द्रावणातले आयन एकमेकांवर प्रभाव टाकतात आणि सूत्र तो धरत नाही. म्हणून सुरुवातीला पाणी ८०० मिलिलिटरच घ्यावे, दोन्ही पदार्थ त्यात विरघळवावेत, ४ आणि ७ च्या प्रमाण द्रावणांवर मीटर जुळवून घ्यावा आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने घालत सामू ५ वर आणावा. लिटरच्या खुणेपर्यंत पाणी त्यानंतरच भरावे.

ही जोडी साधारण ३.८ ते ५.८ या सामूतच कामाची. सामू ७ हवा असेल, तर फॉस्फेटची जोडी घ्या. जोडी कोणतीही असो, आकडेमोड सुरू करण्याआधी बाटलीवरचा रेणुभार वाचा आणि तोच सूत्रात घाला.