लग्नपत्रिकेवरची आयत

मुस्लिम लग्नपत्रिकेवर कुराणातल्या सूरह रूमची २१वी आयत बरेचदा दिसते: वर अरबी, खाली इंग्रजी अनुवाद, मग नावं आणि तारीख. फोटोवरून मजकूर पुन्हा टाइप करताना अरबी ओळ धूसर असली, की इंग्रजीवरून ती जुळवण्याचा मोह होतो. तो टाळावाच. युसुफ अली आणि पिक्थॉल यांच्या इंग्रजीतच फरक आहे. त्यातून मूळ पाठ परत मिळत नाही.

इंग्रजीवरून आयत फक्त ओळखावी. पाठ मात्र छापील कुराणातून, जेर-जबरच्या खुणांसह, जशाच्या तसा घ्यावा.

इथेही फसगत होते. या सूरहमधल्या २० ते २५ या सलग सहा आयतींची सुरुवात सारखीच आहे. म्हणून पुढचे शब्दही फोटोशी ताडावेत. पत्रिकेत आयतीचा तुकडाच असेल, तर तेवढाच ठेवावा.